दुसरी बाजू कोरी ठेवली आहे

वाशीम, १५ जानेवारी १९७७

कालचा राग झोपेनं उतरेल असं वाटलं होतं. उतरला नाही, म्हणून वही काढून बसले.

संक्रांतीला शालिग्रामचा अमेरिकेतून फोन येणार हे पत्रानं महिनाभर आधी ठरलं होतं. आमच्याकडे फोन नाही, शिखरचंद शेठच्या छापखान्यात आहे. मी आणि माझी नणंद रंगूबाई संध्याकाळपासून तिथे शाईच्या वासात बसून होतो. रंगूबाई मेडशीहून चार दिवसांसाठी आली होती, त्याला आता नऊ वर्षं झाली. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, जसं काही फोनमधून दिसणार होतं.

फोन आला. शालिग्रामनं पोरीला दिला. मी म्हटलं, "मंजू, तिळगूळ घे, गोड बोल." पलीकडे नुसता श्वास. मग माझी सात वर्षांची नात बापाला इंग्रजीत म्हणाली, ही बाई कोण आहे? काय बोलतेय? एवढं इंग्रजी मला कळतं.

मी विचारलं, "शालिग्राम, हे काय?" तर म्हणतो, तिच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं आहे, घरी इंग्रजीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं, मागे पडतं. मी म्हटलं, "आणि तू ते ऐकलंस?" तेवढ्यात लाइन गेली. रंगूबाईची पाळी आलीच नाही.

मी सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. या गावातल्या निम्म्या मुलींच्या हातावर माझी पट्टी पडली आहे. शालिग्रामच्या तोंडून तर मी "मले-तुले" कधी निघू दिलं नाही. गल्लीत पोरं काहीही बोलोत, इंगोलेबाईंचा मुलगा पुस्तकासारखं बोलायचा. त्याच्या मुलीला मी कोण ते कळत नाही! कोण कुठली परदेशातली मास्तरीण, तिच्या एका शब्दावर माझी सगळी नोकरी पाण्यात.

वाटेत रंगूबाई म्हणाली, "लहान हाय व पोट्टी. तिनं तुमाले पाह्यलं कवा?" मी पावलं उचलली आणि तिला मागे टाकून घर गाठलं.


३ फेब्रुवारी

शालिग्रामनं मागे त्यांच्या डेट्रॉइटच्या मराठी मंडळाचं बातमीपत्र पाठवलं होतं. आज ते ट्रंकेतून काढलं. मराठी टंकयंत्र तिथे नाही, म्हणून कोणीतरी स्टेन्सिलवर हातानं लिहून सायक्लोस्टाइल केलेलं. अक्षर भिकार. मागच्या पानावर इतर शहरांतल्या मंडळांचे पत्ते: शिकागो, टोरांटो, न्यू जर्सी, इंग्लंडातलंही एक.

मनात आलं, शालिग्राम एकटाच थोडा आहे? असे शेकडो असतील. गणपती बसवतात, साबुदाण्याची खिचडी करतात आणि पोरांना इंग्रजीत रागावतात. यांच्या मुलांसाठी टपालानं वर्ग चालवायचा. दर महिन्याला एक धडा, सोबत कित्ता, एक गोष्ट, एका सणाची माहिती. आणि आवाज ऐकू जायला हवा म्हणून कॅसेट.

शिखरचंद शेठला सांगितलं. त्याच्याकडे मुंबईहून आणलेला टेपरेकॉर्डर आहे. धंद्याच्या वासानं त्याचे कान टवकारले.

"एका बाजूनं तुमी बोला, बाई. दुसरी कोरी ठेवा. पोट्टं तिच्यावर जवाब भरीन आन् तेच कॅसेट वापस करीन. म्हणजे त्याइले नवं घ्याची गरज नाई, आन् आपल्याले समजते का पोट्टं शिकून राह्यलं का नाई."

डोकं आहे माणसाला.


१० फेब्रुवारी

जाहिरातीचा पहिला मसुदा शेठला वाचून दाखवला. ‘मातृभाषेचा त्याग हे पाप आहे’ इथून सुरुवात होती.

शेठ हसत सुटला. "हे जाहिरात हाय का कोर्टाची नोटीस? बाई, शिव्या देनाऱ्याले कोनी पैसे देत नाई. आदी डर दाखवा, मंग दवाई दाखवा. त्या माणसाले रातच्याले कायचा डर वाटते, ते लिहा."

"कशाचा वाटतो?"

"हेच. त्या दिवशी फोनवर झालं ते. खरं हाय ते लिहा ना."

मी घरी येऊन एका बैठकीत लिहिलं. एकही शब्द खोडावा लागला नाही. इथे उतरवून ठेवते.

‘परदेशस्थ मराठी आई-वडिलांना एक प्रश्न. संक्रांतीच्या दिवशी आजीचा आवाज ऐकून तुमच्या सात वर्षांच्या मुलीनं इंग्रजीत विचारलं, "ही बाई कोण?" तर तुम्ही काय उत्तर द्याल? आज ती आजीला ओळखत नाही. उद्या तुम्हाला ओळखेल का? मूळ तुटलेलं झाड किती दिवस हिरवं राहतं? अजून वेळ गेलेली नाही. वय पाच ते बारा. दरमहा एक धडा, कित्ता, गोष्ट, सणवार आणि कॅसेट. कॅसेटची दुसरी बाजू तुमच्या मुलासाठी कोरी ठेवली आहे. शुद्ध मराठी, अनुभवी शिक्षिका. चौकशीसाठी टपालाचं आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन सोबत पाठवावं.’

खाली नाव-पत्ता. रंगूबाईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"घरची गोष्ट पेपरात कायले देता, वहिनी?"

"कुणाचं नाव लिहिलंय का मी?"

"तुमचं तं हाय ना खाली."

हिला जाहिरातीतलं काय कळतं!

शेठनं ती ठळक अक्षरात पातळ कागदावर छापून दिली, म्हणजे तिकडच्या माणसाला स्टेन्सिलखाली ठेवून गिरवता येईल. सगळ्या मंडळांना पाठवली. डेट्रॉइटलाही. एकाच गावाला का वगळायचं?


११ एप्रिल

पाडव्याच्या अंकात बऱ्याच ठिकाणी आली. पत्रं यायला लागली आहेत. पोस्टमन दारातून ओरडतो, "बाई, अमेरिका!" गल्लीतल्या पोरांना परदेशी तिकिटांचं वेड लागलं आहे.

पत्रं वाचून वाटतं, सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवली आहेत. ‘मुलाला समजतं सगळं, पण उत्तर इंग्रजीत देतो.’ ‘घरात आम्ही मराठी बोललो की मित्रांसमोर लाजते.’ एका बापाला श्लोक पाठ करून हवेत. एका आईला नात्यांची नावं शिकवून हवीत, कारण तिच्या मुलांना मामा, काका, आत्या, मावशी सगळे अंकल आणि आंटी. एकीनं लिहिलं आहे, ‘तुमची जाहिरात वाचून रात्रभर झोप लागली नाही.’ शेठला दाखवलं. तो म्हणाला, "पाह्यलं? लागली बरोबर."

डॉलरचा ड्राफ्ट इथल्या बँकेत वटत नाही, तो आधी मुंबईला जातो. मॅनेजर मला विचारतो, "बाई, अमेरिकेला काय विकता?" मी सांगितलं, मराठी. तो हसला. हसू दे.

डेट्रॉइटहून काहीच नाही. शालिग्रामचं नेहमीचं पत्रही नाही.


६ मे

शालिग्रामचं पत्र आलं. एका पानाचं.

पाडव्याच्या कार्यक्रमात मंडळाच्या अध्यक्षानं माझी जाहिरात सर्वांसमोर मोठ्यानं वाचली म्हणे, चांगली लिहिली आहे म्हणून. खाली ‘विजयमाला इंगोले, वाशीम’. तिथे इंगोले एकच, आणि तो वाशीमचा हेही सगळ्यांना ठाऊक. सात वर्षांची मुलगीही एकच. सगळ्यांनी वळून पाहिलं. सूनबाई उठून गाडीत जाऊन बसली. मंजिरीनं विचारलं, सगळे माझ्याकडे का बघतात? ‘आई, तिच्या बाईंचं आम्ही ऐकलं ते चूक असेल. पण तू माझ्या मुलीला बाजारात उभं केलंस. डिसेंबरमध्ये येणार होतो, ते आता जमणार नाही.’

बाजारात! मी! भाषा यांनी टाकायची आणि नुसतं बोलून दाखवलं की माझंच तोंड काळं. लाज वाटली तर ती पोरीला मराठी येत नाही याची वाटावी. ती आईच्या जाहिरातीची वाटते. मी लगेच विमानपत्र घेतलं आणि चारही बाजू भरून काढल्या. एकच सांगते, जे लिहिलं ते खोटं असेल तर दाखव, असं बजावलं. संध्याकाळच्या आत टाकलंसुद्धा.

डिसेंबरसाठी मागच्या खोलीला चुना लावायला माणूस सांगितला होता. त्याला नको म्हणून कळवलं. रात्री जेवताना रंगूबाई एवढंच म्हणाली, "लेकरू येनार व्हतं."


२ जून

पहिल्या धड्याचं रेकॉर्डिंग झालं. कागदाच्या गोदामात केलं, कारण पुढे छापखान्याची खडखड आणि मागे तेलघाणीची. दारं लावून, पंखा बंद करून. मी घामानं भिजले. स्वच्छ, सावकाश बोलले: नमस्कार, माझं नाव, वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’ म्हणावं. शेवटी गीतेचा एक श्लोक. मग शेठनं पुतण्याचा दुसरा रेकॉर्डर आणला. एकावर वाजवायचं, समोर दुसऱ्यावर भरून घ्यायचं आणि तोवर कोणी खोकायचं नाही. अशा एकेक करून सगळ्या प्रती काढल्या. मधे रंगूबाईला ठसका लागला आणि एक वाया गेली.

पोस्टात हिरवी चिठ्ठी भरायची असते, परदेशी पार्सलात काय आहे त्याची. पोस्टमास्तर म्हणाले, "आत काय?"

"धडे."

"किंमत?"

मी म्हटलं, याची किंमत होत नाही. ते म्हणाले, "बाई, न लिहिता जात नाही." शेवटी त्यांनीच कोऱ्या कॅसेटची किंमत लिहिली. आत मी बोललेलं फुकट.


१९ जुलै

पहिल्या कॅसेटी परत आल्या. दुसरी बाजू ऐकायला सकाळपासून गोदामात बसले.

एकानं अर्धी बाजू कसल्यातरी ढणढण गाण्यानं भरली आहे. एका मुलीनं धडा वाचला, पण र आणि ड असे की ऐकवत नाही. सगळ्यात स्वच्छ वाचन ओहायोच्या अभयचं. आई-वडील कामरगावचे जैन, बाप देवेंद्रकुमार तिथे इंजिनियर. एकही चूक नाही. मधूनमधून आईची कुजबुज येते, "म्हण, म्हण ना!" मग काहीतरी आपटल्याचा आवाज, थोडा वेळ मुलाचं मुसमुसणं, बटणाचा खटका, आणि पुन्हा स्वच्छ वाचन. मी त्याच्या प्रगतिपत्रकावर लिहिलं, ‘उत्तम. पालकांचं सहकार्य वाखाणण्यासारखं.’

शालिग्रामकडून काही नाही.


८ ऑगस्ट

आज माझ्या दारात येऊन मला कोणी बोलून जाईल असं वाटलं नव्हतं.

अभयची आई चंद्रप्रभाबाई. तिकडच्या शाळांना जून ते ऑगस्ट सुट्टी असते म्हणून सासरी कामरगावला आली आहे. जीपनं मुलाला घेऊन वाशीमला आली. मला वाटलं, आभार मानायला. चहा ठेवायला सांगितला. मुलगा दाराशी उभा. मी म्हटलं, "ये बाळ, नाव सांग." त्यानं हात जोडले आणि पहिला धडा पहिल्यापासून म्हणायला लागला, टेपसारखा. आईनं "पुरे" म्हटलं तरी थांबेना. श्लोकापर्यंत गेला.

मी म्हटलं, "वा!"

"वा काय म्हनता?" ती म्हणाली. "घरी त्याच्या आजीनं म्हटलं, ‘ये रे राजा, मांडीवर बस.’ तं हा तिच्यासमोर हात जोडून हेच म्हणत उभा. म्हातारी मले म्हणे, ‘हा असा कायले करते? मले भेते का?’ बाई, मी त्याले आजवर बोट लावलं नव्हतं. तुमची जाहिरात वाचली, उद्या तुम्हाला ओळखेल का, ते डोक्यातून जाईना. रोज संध्याकाळी रेकॉर्डर काढला की तो पलंगाखाली लपे. मी ओढून काढी. मारलं मी त्याले, मराठीसाठी."

मी म्हटलं, शिस्तीशिवाय विद्या येत नाही, आम्हीही मारूनच शिकवलं.

"मंग तुमचा पोरगा तुमच्याशी किती बोलते?" तिनं विचारलं. तिला शालिग्रामचं काही ठाऊक नाही, सहज विचारलं असावं. चहा तसाच राहिला.

रंगूबाई मात्र त्या मुलाला मागच्या अंगणात घेऊन गेली होती. तो तिच्याबरोबर चिंचा पाडत होता. भाषा दोघांची दोन, आणि बोलत काय होते देव जाणे, हसत होते. जाताना त्यानं तिला हात हलवून टाटा केला, मला पुन्हा हात जोडून नमस्कार.

अशा हळव्या आया असतील तर भाषा बुडणारच. माझं डोकं अजून दुखतं आहे.


३० सप्टेंबर

वर्ग गळतो आहे. सहा जणांची नावं कमी झाली. ‘मुलाला वेळ नाही’, ‘पोहण्याचा वर्ग असतो’. चंद्रप्रभाबाईंनी कारणही लिहिलं नाही. शेठ म्हणतो, "डर उतरला, बाई. दवाई गोड पायजे व्हती."

चार पानी पत्र शालिग्रामला लिहिलं आणि फाडलं. त्याचं पत्र येऊन पाच महिने झाले. एवढा राग माणसाला येतोच कसा? कुणावर गेला आहे कळत नाही.


१४ ऑक्टोबर

भुलाबाईचे दिवस. पाठ्यपुस्तकात भोंडला असतो, मी धड्यात तोच घेतला होता: हत्तीचं चित्र, भोवती फेर, त्यामागची माहिती. पण आमच्या गल्लीत भुलाबाई. रंगूबाईनं पाटावर मातीची भुलाबाई-भुलोजी मांडली आहेत आणि रोज संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या पोरी आमच्या ओसरीवर गाणी म्हणायला येतात.

आज छापखान्यात काम जास्त, म्हणून शेठनं रेकॉर्डर घरी पाठवला. मी आतल्या खोलीत भोंडल्याची माहिती सांगत होते आणि बाहेर पोरींचा कालवा. तसंच बटण चालू ठेवून मी बाहेर धावले. गाणी संपून खाऊची वेळ झाली होती. रंगूबाई पितळी डबा कानाशी धरून खुळखुळ वाजवत होती आणि पोरी ओरडत होत्या, "गोड का तिखट?" "मुरमुरे!" "शेंगदाणे!" रंगूबाई म्हणे, "नाई व! हरलो म्हना, मंग उघडतो. हरलो म्हटल्याबिगर डब्बा उघडत नसते."

मी दारातून ओरडले, "काय गोंधळ लावलाय! इथे धडा चाललाय!" पोरी चिडीचूप.

लहानपणी मी हा खेळ खेळायचे. हरले कधीच म्हटलं नाही. अंधार पडेपर्यंत ओळखत बसायचे, बाकीच्या पोरी घरी निघून जायच्या आणि शेवटी आई चिडून डबा उघडायची. तेव्हा खाऊ मला एकटीलाच मिळायचा.


१६ ऑक्टोबर

शेठनं ती टेप ऐकली आणि हसून आडवाच झाला. "बाई, तुमचा हत्ती राहू द्या. हे डब्ब्याचं पाठवा."

टेपमध्ये सगळं आलं आहे, डबा, पोरी, माझं ओरडणंसुद्धा. मी पुसायला निघाले होते. पण परवा शेठचा पुतण्या मुंबईला जाणार, तिथून त्याचा मित्र दुसऱ्या दिवशीच्या विमानानं न्यू जर्सीला, तो तिकडून टपालात टाकील. पार्सलाचे तीन आठवडे वाचतात. नवं करायला वेळ नाही. नाइलाज म्हणून हो म्हटलं. शेवटी कोरी जागा होती, तिथे रंगूबाईनं बोलू का विचारलं. मी म्हटलं, बोल, आता काय राहिलंय.

ती रेकॉर्डरच्या अगदी तोंडाशी वाकून म्हणाली, "पोट्टेहो, डब्ब्यात काय हाय ते वळखा. नाई वळखलं तं हरलो म्हना." आणि मग हळूच, "मंजू, बाई, तू बी वळख."

"ही सगळ्यांना जाणारी टेप आहे," मी म्हटलं.

"मंग जाऊ द्या ना सगळ्याइले. माहीत तं हायच मंजू कोन ते."

प्रती काढताना एक जास्त झाली. कॅसेट वाया घालवणं मला पटत नाही, म्हणून ती डेट्रॉइटच्या पत्त्यावर घातली. चिठ्ठी नाही, काही नाही. वर फक्त शेठचा नेहमीचा शिक्का आहे, ‘दुसरी बाजू कोरी ठेवली आहे’.


१२ डिसेंबर

आश्चर्य आहे आणि त्याचा मला संताप येतो आहे. सगळ्या कॅसेटी परत येताहेत. ज्यांनी वर्ग सोडला त्यांना उगाच पाठवल्या होत्या, त्यांच्याही. आईची कुजबुज नाही, खटके नाहीत. पोरं मोडक्या मराठीत ओरडताहेत, "शेंगदाने! चॉकलेट! नाणी आहे का?" एकानं विचारलं आहे, "आजी, परत वाजव." अभय म्हणतो, "चिंचोके? तू मला दिला ते?" आणि मग खिदळतो.

आजी कोण? रंगूबाई! सात महिने घसा मी फोडला, मला सगळे ‘मॅडम’ म्हणतात. रंगूबाई पदर तोंडाला लावून प्रत्येक टेप दोनदा ऐकते आणि टेपलाच उत्तर देते, "नाई रे बापा, फुटाने व्हते, फुटाने!"

डेट्रॉइटची आलेली नाही. ज्या महिन्यात ते येणार होते, तो हा महिना. मागच्या खोलीत शेठच्या कागदाचे गठ्ठे ठेवून दिले.


१३ जानेवारी १९७८

दुपारी पोस्टमन ओरडला, "बाई, अमेरिका!" अक्षर शालिग्रामचं.

पत्र नव्हतं. कॅसेट होती, आमचीच. मी आणि रंगूबाई तशाच चपला घालून छापखान्यात गेलो. शेठनं यंत्र बंद करवलं.

आधी बराच वेळ खरखर. मग बारीक आवाज. "आजी, मी मंजिरी. फुटाणे? हरले." मग श्वास. गेल्या संक्रांतीला फोनवर होता तोच श्वास. मग, "आता माझा डबा. तू ओळख. आणि ती रागवणारी आजी पण ओळख."

रंगूबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी रेकॉर्डरकडे पाहत राहिले.

मग डबा वाजला. हलका, पुठ्ठ्याचा असावा, आत काहीतरी कोरडं. आणि मागून शालिग्रामचा आवाज, लांबून, हसत, "जोरानं हालव ना व! आयकू गेलं पायजे तिले!"

हे मी त्याला शिकवलं नव्हतं. हे बोलल्याबद्दल तो सात वर्षांचा असताना मी त्याला उपाशी ठेवलं होतं. हे कुठे इतकी वर्षं ठेवलं होतं त्यानं?

डबा पुन्हा वाजला. मग पोरीनं विचारलं, "हरले?" आणि टेप संपली.


१५ जानेवारी

दोन दिवस ओळखते आहे. मुरमुरे नाहीत, ते इतके टणक वाजत नाहीत. लाह्या नाहीत. रंगूबाई म्हणते बत्तासे. शेठ म्हणतो, गोळ्या असतील औषधाच्या, शालिग्राम डॉक्टर आहे ना. मी मक्याचे दाणे म्हटलं, साखरफुटाणे म्हटलं, पंधरा वेळा टेप मागे-पुढे केली. माझी नात रोज काय खाते हेच मला ठाऊक नाही, तर ओळखणार काय कपाळ! आणि त्यानंही एक ओळ लिहू नये? आठ महिन्यांनी पाठवायचं ते कोडं? रागवणारी आजी म्हणे! पोरीला कोणी सांगितलं हे? कोणीच नाही. टेपवर मीच ओरडले आहे.

काल संक्रांत होती. फोन आला नाही. यंदा ठरलाच नव्हता.

संध्याकाळी रंगूबाई म्हणाली, "वहिनी, किती आयकसान ते? नाई वळखू येत तं नाई येत. ते पोट्टी वाट पाहून राह्यली असीन."

"अजून एकदा ऐकते."

"हरलो म्हटल्याबिगर डब्बा उघडत नसते," ती म्हणाली आणि वाती वळत बसली.

मी उठून छापखान्यात गेले. शेठ कुलूप लावत होता. त्याला म्हटलं, एक नवी कॅसेट घाल. त्यानं विचारलं, कोणता धडा? मी म्हटलं, धडा नाही. गोदामाची दारं लावली. पंखा बंद केला. त्यानं बटण दाबलं आणि मला खूण केली. मी मंजिरी म्हटलं, मग शालिग्राम म्हटलं, आणि मग हरले म्हटलं.

शेठनं मागे नेऊन ऐकलं. म्हणाला, "आवाज लय बारीक आला, बाई. परत म्हना."

परत म्हटलं. बाकीची सगळी कॅसेट कोरीच ठेवली, दोन्ही बाजूंनी. उद्या पोस्टात टाकायची आहे.